लाल ठिपका कुठे जाणार?

आमच्या संस्थेत ईआरपी येणार असं ठरलं, तेव्हा पुण्याहून आलेल्या सल्लागारांनी पहिल्याच बैठकीत एक मागणी केली. प्रत्येक शाळेने दोन 'सुपर यूजर' द्यावेत. मुख्याध्यापकांनी माना डोलावल्या आणि दुसऱ्या दिवशी नावं पाठवून दिली. त्यात माझं नाव होतं.

का होतं, ते मला चांगलं ठाऊक आहे. नाशिकमधल्या आमच्या उर्दू माध्यमाच्या हायस्कूलमध्ये मी मराठी शिकवतो. गरज पडली तर उर्दूचे तासही घेतो. 2015 साली राज्यात 'सरल' प्रणाली आली, विद्यार्थ्यांची माहिती ऑनलाइन भरायची वेळ आली, तेव्हा मी ते काम चटकन शिकलो आणि आजूबाजूच्या शाळांतल्या सहकाऱ्यांनाही शिकवलं. त्याच काळात 'तंत्रस्नेही शिक्षक' हा शब्द शिक्षण खात्यात रूढ झाला आणि तो मला चिकटला तो चिकटलाच. पुढे यू-डायस प्लसमध्ये 2022-23 पासून प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद सुरू झाली, तेव्हाही लोक माझ्याकडेच आले. त्यामुळे संगणकाचं काही नवीन आलं की सरांचं नाव लिहा, हे ठरलेलंच होतं. माझ्याबरोबर दुसरं नाव होतं आमच्या तरुण संगणक शिक्षकाचं.

कार्यालयातल्या चाचांचं नाव कोणी लिहिलं नव्हतं. चाचा म्हणजे आमचे मुख्य लिपिक. वय 56, निवृत्तीला दोन वर्षं बाकी. फी, दाखले, जनरल रजिस्टर, शिष्यवृत्तीचे अर्ज, सगळं त्यांच्या टेबलावरून जायचं. माऊस हातात धरला की त्यांचा हात थरथरायचा.

सुपर यूजर या शब्दानेच आमच्याकडे पहिला घोटाळा केला. मुख्याध्यापकांना वाटलं, ज्याच्याकडे सगळे पासवर्ड असतात तो सुपर यूजर. संगणकाच्या दुनियेत त्या शब्दाचा तसा अर्थ आहेही. ईआरपीमध्ये मात्र तो अर्थ नाही. सॅपवर काम करणारे याच माणसाला 'की यूजर' म्हणतात, तो शब्द जास्त बरा. आपल्या विभागाचं काम ज्याला आतून-बाहेरून माहीत आहे, ज्याच्याकडे लोक आधीपासूनच अडचण घेऊन जातात, आणि जो नवी प्रणाली इतरांच्या आधी शिकून त्यांना हाताशी धरतो, तो हा माणूस. त्याला जादा अधिकार लागतातच असं नाही. संगणकाचं ज्ञान नंतर देता येतं. कामाचं ज्ञान दोन महिन्यांत देता येत नाही.

हे मला कळलं ते एका लाल ठिपक्यामुळे.

आमच्या विनाअनुदानित तुकड्यांना फी आहे. समजा वर्षाची 9,000 रुपये. काही पालकांना ती झेपत नाही. संस्थेकडे दरवर्षी जकातीची रक्कम येते, तिचं खातं वेगळं ठेवलेलं आहे. ती इमारतीला किंवा पगाराला लावायची नाही, फक्त गरजू मुलांसाठी वापरायची, हा संस्थेचा दंडक. अशा एखाद्या मुलाचे पालक 3,000 भरतात आणि उरलेले 6,000 त्या खात्यातून येतात. मुलाचं नाव कुठेही जाहीर होत नाही. चाचांच्या फी रजिस्टरमध्ये त्या मुलाच्या नावापुढे लाल पेन्सिलीचा एक बारीक ठिपका असतो, बस्स. तो ठिपका चाचांना आणि मुख्याध्यापकांना कळतो, बाकी कोणाला नाही.

जानेवारीत चाचणीचे दिवस आले. आम्ही दोघे सुपर यूजर संगणकाच्या खोलीत बसून फीच्या पावत्या फाडत होतो, म्हणजे पडद्यावर. सगळं सुरळीत चाललं होतं. फी आकारली, पावती छापली, बाकी शून्य झाली. आम्ही चाचणीच्या कागदावर टिचक्या मारत होतो. चाचा सहज चहा घेऊन आत आले, मागे उभे राहून बघत राहिले आणि म्हणाले, "सर, ये लाल ठिपका किधर जाएगा?"

आम्हा दोघांकडे उत्तर नव्हतं. सल्लागार मुलगी म्हणाली, "सोपं आहे, सर. सवलत म्हणून टाका. प्रणालीत फी-सवलतीची सोय आहे." तिचं चुकलं नव्हतं. तिने इतर शाळांत भावंडांची सवलत, कर्मचाऱ्यांच्या मुलांची सवलत पाहिली होती. चाचांनी नुसती मान हलवली आणि रजिस्टर आणलं.

मग त्यांनी कागदावर हिशेब मांडला. सवलत दिली म्हणजे संस्थेने 6,000 सोडून दिले. मग फीचं उत्पन्न दिसेल 3,000. आणि जकातीच्या खात्यातून तर काहीच खर्च पडलं नाही. अशी 40 मुलं धरली, तर वर्षाअखेरीस त्या खात्यात 2,40,000 रुपये खर्च न झालेले दिसतील. ज्यांनी ते दिले ते विचारतील, आमचे पैसे गरजू मुलांपर्यंत का पोहोचले नाहीत? मुलं तर त्याच पैशांवर शिकलेली असतील. हिशेब तपासनीसालाही ते जुळवून देता येणार नाही.

बरोबर पद्धत वेगळी होती. मुलाच्या नावावर पूर्ण 9,000 आकारायचे. पालकांची 3,000 ची पावती करायची. उरलेल्या 6,000 ची जमा निधीच्या खात्यातून मुलाच्या खात्यात वळती करायची, म्हणजे निधीतून खर्च पडेल, फीचं उत्पन्न पूर्ण दिसेल आणि मुलाची बाकी शून्य होईल. चाचांनी आणखी एक अट घातली. पालकांच्या पावतीवर 'मदत' किंवा 'निधी' हा शब्द छापला जाता कामा नये. ते मूल पावती दप्तरात घेऊन फिरतं.

सल्लागारांना ती सोय करायला एक आठवडा लागला. त्या संध्याकाळी मी मुख्याध्यापकांकडे गेलो आणि म्हणालो, "माझं नाव काढून चाचांचं टाका." ते म्हणाले, "त्यांना टायपिंग तरी येतं का?" मी म्हणालो, "टायपिंगला मी आहे."

शेवटी जोडी ठरली. फी आणि दाखल्यांसाठी चाचा मुख्य आणि मी त्यांचा जोडीदार. संगणक शिक्षकाला तांत्रिक मदतीला ठेवलं. संस्थेच्या पाच शाळा मिळून प्रणाली वापरणारे साधारण 35 लोक होते आणि आम्ही सात सुपर यूजर. दहा ते वीस वापरणाऱ्यांमागे एक, असा ढोबळ हिशेब या क्षेत्रात सांगतात. पण शाळा वेगवेगळ्या ठिकाणी असतील तर प्रत्येक ठिकाणी एक माणूस लागतोच, आणि तो रजेवर गेला तर त्याच्या जागी दुसरा.

निवड झाली तरी अर्धं काम वेळेचं असतं. आठवड्यातला किमान एक दिवस आणि चाचणीच्या काळात जवळजवळ अर्धा आठवडा सुपर यूजरला मोकळा मिळायला हवा. तो तोंडी मिळून चालत नाही. माझे आठ तास दुसऱ्या शिक्षकाला दिल्याचं वेळापत्रकात लिहिलं गेलं. चाचांचं दाखल्यांचं काम कनिष्ठ लिपिक ताईंकडे गेलं. एका शाळेत हे झालं नाही. तिथला सुपर यूजर सहा तास शिकवून मग प्रशिक्षणाला यायचा आणि मागच्या बाकावर डुलक्या घ्यायचा. त्याला काय बोलणार?

प्रशिक्षणाबद्दल बीएडला शिकलेलं एक तत्त्व इथे उपयोगी पडलं. ज्ञाताकडून अज्ञाताकडे. सल्लागारांचं पुस्तक पडद्यांच्या क्रमाने होतं: हा मेनू, ही खिडकी, हे बटण. चाचांना तो क्रम लक्षात राहीना. मग आम्ही पुस्तक बाजूला ठेवलं आणि त्यांच्या दिवसाच्या क्रमाने शिकायचं ठरवलं. सकाळी खिडकी उघडली, पहिले पालक आले, पुढे काय? चाचांनी जुन्या कॅलेंडरच्या मागे 31 प्रसंग लिहून काढले, अर्थातच उर्दूत. चेक न वटता परत आला. वर्षाच्या मधेच मूल दाखला घेऊन गेलं आणि दोन महिन्यांनी परत आलं. एकाच वर्गात एकाच नावाचे दोन शेख आहेत आणि एकाची फी दुसऱ्याच्या नावावर पडली. भावाने बहिणीची फी भरली, पावती कोणाच्या नावाने? मी ते मराठीत उतरवलं आणि प्रत्येक प्रसंगाची एक ओळ केली: सुरुवातीला काय आहे, काय करायचं, शेवटी काय दिसायला हवं, प्रत्यक्षात काय दिसलं. ही आमची चाचणीची यादी झाली आणि प्रशिक्षणाचं पुस्तकही तेच झालं.

सराव खऱ्या प्रणालीवर करायचा नसतो. त्यासाठी तिची वेगळी प्रत असते, तिथे कितीही चुका करता येतात. मात्र त्या प्रतीत आपल्याच शाळेची मुलं, आपल्याच वर्गांची नावं भरलेली हवीत. 'विद्यार्थी 1, विद्यार्थी 2' अशा नावांवर चाचांचं मन लागत नव्हतं. खरी नावं आल्यावर ते स्वतःहून चुका शोधू लागले.

तयारी झाली की नाही हे ओळखायची आमची कसोटी एकच होती. चाचांनी कनिष्ठ लिपिक ताईंना शिकवायचं आणि मी शेजारी गप्प बसायचं. जिथे चाचा अडखळतील तो भाग त्यांचा कच्चा. तिसऱ्या वेळी ते अडखळले नाहीत. उलट ताईंच्या हातून चुकीची पावती पडली, तेव्हा म्हणाले, "घाबरू नको बेटा, खोडायची नाही. रद्द करायची, म्हणजे खूण राहते." सल्लागारांनी तीन दिवस जे सांगितलं ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

हिशेबाचा भाग 1 एप्रिलला सुरू झाला, फी आणि प्रवेश जूनमध्ये, शाळा उघडताना. आमच्या हायस्कूलमध्ये पहिला आठवडा धावपळीचा पण सुखरूप गेला. संस्थेच्या प्राथमिक शाळेत मात्र जे घडलं ते मी विसरलेलो नाही.

प्रणालीत थकबाकीचा संदेश आपोआप पाठवायची सोय होती. दुसऱ्या सोमवारी तो संदेश प्राथमिक शाळेच्या पालकांना गेला. दुपारी एक आई मोबाईल घेऊन आमच्या कार्यालयात आली, कारण तिचा मोठा मुलगा आमच्याकडे होता. संदेशात लिहिलं होतं: थकबाकी 6,000 रुपये. ती बाई भांडायला आली नव्हती. हळू आवाजात विचारत होती, "भाईजान, यंदा तुम्ही नाही म्हणालात का? आधी सांगितलं असतं तर मी काहीतरी केलं असतं."

त्या दिवशी असे अकरा संदेश गेले होते. निधीची सोय प्रणालीत होती, ती चालतही होती. पण जुन्या रजिस्टरमधली बाकी नव्या प्रणालीत चढवताना एक्सेलची जी यादी केली, तिच्यात लाल ठिपक्याचा रकाना नव्हता. हायस्कूलची यादी चाचांनी रजिस्टरशी ओळ न ओळ ताडून पाहिली होती. प्राथमिक शाळेचे दोन्ही सुपर यूजर हुशार तरुण होते, संगणकाला सरावलेले. त्यांनी एकूण बेरीज ताडली, ती जुळली आणि त्यांनी सही केली. बेरीज जुळते म्हणून प्रत्येक ओळ बरोबर असते असं नाही. त्यांना ठिपक्याचा अर्थ कोणी सांगितला नव्हता आणि ज्यांना तो माहीत होता त्या तिथल्या लिपिक आपांना कोणी विचारलं नव्हतं. त्यांचं नाव यादीत नव्हतं, तसंच जसं आधी चाचांचं नव्हतं.

चाचांनी त्या आईला बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं की चूक आमची आहे. मग संध्याकाळी बसून आम्ही अकरा घरी फोन केले. संदेश बंद केला. दुसऱ्या दिवशी लिपिक आपांना तिसऱ्या सुपर यूजर म्हणून घेतलं. हे आधीच करायला हवं होतं.

सुरुवातीचे तीन आठवडे रोज साडेचारला आम्ही पंधरा मिनिटं जमायचो. प्रत्येक अडचण एका वहीत लिहायची आणि तिच्यापुढे तीनपैकी एक अक्षर घालायचं. 'म' म्हणजे माणसाला माहीत नव्हतं, 'न' म्हणजे जुनी नोंद चुकीची आली, 'प्र' म्हणजे प्रणालीतच दोष आहे. सल्लागारांकडे फक्त 'प्र' जायचे. 'म' आणि 'न' आमचे. तीन आठवड्यांत 118 नोंदी झाल्या: 71 'म', 33 'न', 14 'प्र'. आम्ही मधे नसतो तर सगळ्या 118 पुण्याला गेल्या असत्या आणि खरे 14 दोष त्या गर्दीत हरवले असते. आठवड्यागणिक 'म' कमी होत गेले, तेव्हा शिकवणं लागू पडतंय हे दिसलं. एकाच माणसाचा तोच 'म' तिसऱ्यांदा आला तर त्याला पुन्हा सांगून उपयोग नाही, त्याच्या शेजारी बसायला हवं, हेही वहीनेच दाखवलं.

माझी स्वतःची चूकही वहीतच सापडली. दुसऱ्या आठवड्यात कोणी किती पावत्या केल्या याचा तक्ता काढला, तर अर्ध्याहून जास्त माझ्या नावावर. खिडकीवर गर्दी झाली की ताई म्हणायच्या, "सर, तुम्हीच करा ना, पटकन होईल," आणि मी करायचो. मदत केल्याचं समाधान मिळायचं. पण ताई शिकत नव्हत्या आणि मी वर्गावर उशिरा पोचत होतो. तेव्हापासून नियम केला: सुपर यूजरचे हात मागे. बोटाने दाखवायचं, तोंडाने सांगायचं, कळफलकाला हात लावायचा नाही. दुसरा नियम मुख्याध्यापकांनी केला. पावती करणाऱ्याला पावती रद्द करता येणार नाही, आम्हालाही नाही. ती फक्त तेच करतील. चाचांना आधी ते लागलं. मग म्हणाले, "अच्छा है. कल को कोई उंगली नहीं उठाएगा."

सल्लागार महिन्याभराने गेले. सगळ्यांना वाटलं, सुपर यूजरचं कामही संपलं. तास परत घ्यायची भाषा सुरू झाली. पण शाळेत प्रणाली एकाच दिवशी सुरू होत नाही. दाखल्यांची गर्दी, शिष्यवृत्ती, संचमान्यतेची पटसंख्या, वर्षअखेरीची वर्गबढती, ही कामं वर्षातून एकदाच येतात. म्हणजे पहिल्या वर्षी प्रत्येक काम पहिल्यांदाच येतं आणि जूनमध्ये दिलेलं प्रशिक्षण एप्रिलपर्यंत कोणाच्या लक्षात राहत नाही. आम्ही प्रत्येक कामाच्या पंधरा दिवस आधी एक तासाचा सराव ठेवला. प्रणालीची नवी आवृत्ती आली की 31 पैकी निवडक 12 प्रसंग सरावाच्या प्रतीवर पुन्हा चालवून बघायचे, त्यात लाल ठिपका पहिला. एकदा नव्या आवृत्तीनंतर पावतीवर निधीचं नाव छापून आलं. ते सरावातच सापडलं, घरी पोचलं नाही. माझे आठ तास परत गेले, दोन कायमचे सुटले. एवढ्यात भागतं.

चाचा गेल्या वर्षी 58 पूर्ण करून निवृत्त झाले. त्याआधी सहा महिने त्यांनी ताईंना खुर्चीत बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. मी एक आग्रह धरला, कॅलेंडरवरचे प्रसंग सुवाच्य लिहून काढायचे, प्रत्येकाच्या खाली 'असं का' हेही लिहायचं. लाल ठिपक्याच्या पानावर त्यांनी हिशेब लिहिला, 9,000, 3,000, 6,000, आणि खाली उर्दूत एक ओळ. मी ती मराठीत उतरवून ताईंना दिली: हा आकडा कोणाच्या तरी घरची गोष्ट आहे, तो मोठ्याने वाचू नये.

मागच्या महिन्यात संस्थेने सहावी शाळा या प्रणालीत घ्यायचं ठरवलं. तिथून सुपर यूजरची दोन नावं आली. दोन्ही संगणक शिक्षकांची. मी फोन करून विचारलं, "सर, तुमच्याकडे पालक आले की पहिल्यांदा कोणाच्या टेबलाकडे जातात?"

थोडा वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या शिपाईमामांकडे. तेच सांगतात कोणाचं काय अडलंय."

मी म्हणालो, "मग पहिल्या बैठकीला त्यांनाही घेऊन या."